शीटवरचा १.५१ एफसीआर आणि अंड्यामागचा खरा खर्च

प्रश्न: काका, राहायला आम्ही इंदूरला राजेंद्रनगरात आणि लेअरचं शेड देपालपूरकडे. बीव्ही-३००, ५,००० पुलेट भरल्या होत्या, आता ३४वा आठवडा चालू आहे. सुपरवायझर दर आठवड्याला एक्सेलच्या शीटचा स्क्रीनशॉट व्हॉट्सॲपवर पाठवतो. त्यात एफसीआर १.५१ आणि एका अंड्याचा खर्च ३.५२ लिहिलेला असतो. आम्हाला अंड्याला ४.८० मिळतात, म्हणजे आठवड्याला ३८-३९ हजार सुटायला हवेत. हातात पडतात जेमतेम २७ हजार. ओळखीचा एक फार्मवाला म्हणतो, त्याचा एफसीआर २.२ आहे आणि तो ठीक आहे. मग आमचा १.५१ असून पैसा जातो कुठे? पुलेट २० आठवड्यांची होईपर्यंत नगाला ३७० पडली. मजुरी, वीज, औषधं, किरकोळ मिळून महिन्याला ५२ हजार, बँकेचं व्याज १८ हजार, शेड आणि पिंजऱ्यांना ३० लाख लागले.

उत्तर:

पैसा कुठे गळत असेल ते नंतर बघू. आधी त्या स्क्रीनशॉटवर काय लिहिलंय ते नीट वाचायला हवं, कारण तुमच्या दोन्ही आकड्यांचा अर्थ तुम्ही समजताय तो नाही. तुम्ही पाठवलेलं चित्र मी इथे उतरवून घेतो:

```
Date  Birds  Mort  Feed  Tray    HD%
1     4820   1     550   144.18  90.0
2     4819   0     550   145.2   90.3
3     4819   2     500   144.9   89.8
4     4817   1     550   143.2   89.5
5     4816   0     600   144.25  90.2
6     4816   3     500   143.8   89.2
7     4813   1     550   143.26  89.7
FCR 1.51   Cost/Egg 3.52
```

पहिली गोष्ट `Tray` रकान्याची. `144.18` म्हणजे १४४ ट्रे आणि वर १८ अंडी. आपल्याकडे फार्मवर सगळे असंच लिहितात, त्यात चूक काही नाही. पण एक्सेलला ते कळत नाही. त्याच्या लेखी तो दशांश आकडा आहे, आणि तो सरळ ३० ने गुणून मोकळा होतो. त्यामुळे १८ सुटी अंडी त्याच्या हिशोबात साडेपाचसुद्धा होत नाहीत, उलट `144.9` मधली ९ अंडी २७ होऊन बसतात.

याहून वाईट म्हणजे एक्सेल शेवटचं शून्य खातो. २ तारखेला `145.2` आहे आणि ४ तारखेला `143.2`. दिसायला दोन्हीकडे `.2`, पण एका दिवशी सुटी अंडी २ आहेत आणि दुसऱ्या दिवशी २०. ओळखायचं कसं? `HD%` रकान्यावरून. सुपरवायझर ती टक्केवारी वहीतल्या खऱ्या आकड्यावरून काढून टाकतो, त्यामुळे ती साक्षीदार म्हणून वापरता येते. ४ तारखेला १४३ ट्रे आणि २ अंडी धरली तर ४,२९२ होतात, आणि ४,८१७ पक्ष्यांवर ती ८९.१ टक्के बसतात. २० धरली तर ४,३१० होतात आणि बरोबर ८९.५ येतात. शीटवर ८९.५ आहे, म्हणजे अंडी २०. हीच पडताळणी २ तारखेला केली की तिथे २ निघतात. ही शंका फक्त `.1` आणि `.2` ला येते, कारण ३० सुटी अंडी झाली की ट्रेच भरतो.

असं सातही दिवसांचं सोडवलं की आठवड्याची अंडी ३०,२८८ होतात. एक्सेलने धरलेली ३०,२६४. या आठवड्यात फरक २४ अंड्यांचाच पडला, कारण काही दिवशी कमी आणि काही दिवशी जास्त होऊन ते एकमेकांत जिरले. एफसीआरला याने काही होत नाही. पण गाडीत भरलेल्या मालाशी ताळा जुळवायला बसलात की याच २४ अंड्यांवरून मजुरांवर संशय घेतला जातो, म्हणून हे आधी दुरुस्त करा. ट्रेचा एक रकाना आणि सुट्या अंड्यांचा वेगळा रकाना, एवढंच करायचं आहे.

आता १.५१ कडे या. आपल्या धंद्यात एफसीआर नावाचे दोन आकडे फिरतात. एक म्हणजे एक किलो अंड्यांमागे किती किलो खाद्य लागलं, आणि दुसरा एक डझन अंड्यांमागे किती किलो. शीट कुठला देतं ते विचारत बसू नका, उलटं गणित करा. एक्सेलची ३०,२६४ अंडी म्हणजे २,५२२ डझन. त्याला १.५१ ने गुणा, ३,८०८ येतात. `Feed` रकान्याची बेरीज ३,८०० आहे. जुळलं. म्हणजे तुमचा १.५१ डझनावरचा आहे आणि तुमच्या ओळखीच्या फार्मवाल्याचा २.२ किलोवरचा. या दोघांची तुलनाच होत नाही. किलोवर काढलेला १.५१ लेअरला कधी पडत नाही, तो ब्रॉयलरचा आकडा आहे. पांढऱ्या लेअरचा भरउत्पादनातला एफसीआर किलोवर साधारण २ ते २.३ मध्ये असतो.

तुमचा किलोवरचा एफसीआर काढायला दोन गोष्टी हव्यात, आणि त्या स्क्रीनशॉटवर नाहीत: प्रत्यक्षात खाल्लेलं खाद्य आणि अंड्याचं वजन.

`Feed` रकाना पुन्हा बघा. सगळे आकडे ५० च्या पटीत आहेत. म्हणजे रोज किती गोण्या शेडमध्ये नेल्या ते लिहिलंय. कोंबड्यांनी काय खाल्लं ते लिहिलेलं नाही. रोजच्या नोंदीला हे चालतं, पण आठवड्याचा हिशोब साठ्यावरून करायचा. माझ्या सांगण्यावरून तुम्ही साठा पाहून कळवलात: आठवड्याच्या सुरुवातीला २,१५० किलो होतं, मधे ३,००० किलोचं मिक्सिंग आलं, शेवटी १,४५० उरलं. म्हणजे संपलं ३,७०० किलो. शीटपेक्षा १०० किलो कमी, आणि त्या १०० किलोचा पत्ताही लागला, दोन गोण्या न उघडता शेडच्या टोकाला उभ्या होत्या. दर आठवड्याला ठरावीक वारी, ठरावीक वेळी, सकाळचं खाद्य टाकण्याआधी साठा मोजा. वेळ बदलली की अर्ध्या दिवसाचं खाद्य इकडचं तिकडे जातं आणि एफसीआर उगाच वरखाली दिसतो. संध्याकाळी वेगळी चिप किंवा शिंपल्याची ग्रिट टाकत असाल तर तीही खाद्यातच धरा. लेअरच्या खाद्यात चुनखडीचा वाटा ९-१० टक्क्यांच्या आसपास असतो, त्यातला काही भाग बाहेर ठेवला तर एफसीआर फुकटात सुधारलेला दिसतो.

वजनाच्या बाबतीत मी कुणाचंही ऐकत नाही, काटाच लावतो. बऱ्याच शीटमध्ये ६० ग्रॅमचं अंडं आधीच टाकून ठेवलेलं असतं, आणि आपल्या बीव्हीचं अंडं ३४व्या आठवड्याला तेवढं नसतं. वेगवेगळ्या रांगांतले दहा ट्रे घ्या, काही सकाळी गोळा केलेले, काही दुपारी. अंड्यांसकट वजन करा आणि त्याच दहा रिकाम्या ट्रेंचं वजन वजा करा. ट्रेचं वजन ठोकळ्याने धरू नका. कागदी ट्रे पावसाळ्यात ओल धरतो आणि चांगलाच जड होतो. तुमच्या ३०० अंड्यांचं निव्वळ वजन १६.२३ किलो भरलं, म्हणजे अंडं ५४.१ ग्रॅमचं. आता गणित सरळ आहे:

```
30288 x 0.0541 = 1638.6 kg
3700 / 1638.6  = 2.26
3700 / 2524    = 1.47   (30288 / 12 = 2524)
```

किलोवर २.२६, डझनावर १.४७. ६० ग्रॅम आणि ३,८०० किलो धरले असते तर किलोवर २.०९ आला असता, आणि तुम्ही खूश होऊन बसला असता. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. एफसीआरसाठी गोळा झालेली सगळी अंडी धरायची, फुटकी-तडकलेलीसुद्धा. कोंबडीने त्यांच्यासाठीही खाल्लेलं आहे. पैशाच्या हिशोबात मात्र हीच अंडी बाहेर काढायची आहेत.

तुमच्या पक्ष्याचं रोजचं खाणंही आताच बघून घ्या. सात दिवसांची `Birds` बेरीज ३३,७२० येते. ३,७०० किलो त्यावर वाटले की रोज एका पक्ष्याला जवळजवळ ११० ग्रॅम होतात. या वयाला, या उत्पादनाला हे ठीक आहे. शीटच्या ३,८०० वरून ११३ आले असते, आणि तीन ग्रॅम वाया जातायत म्हणून तुम्ही फीडर तपासत फिरला असता. ग्रॅमची किंमत सांगतो: पक्ष्यामागे रोज एक ग्रॅम जास्त गेला तर तुमच्या फार्मवर आठवड्याला सुमारे ३४ किलो, म्हणजे तुमच्या खाद्याच्या किलोला २८ च्या भावाने साडेनऊशे रुपये, अंड्यामागे तीन पैसे. खरोखरच ग्रॅम वाढलेले दिसले तर आधी फीडर किती भरला जातो ते बघा. एक तृतीयांशाच्या वर भरला की कोंबडी चोचीने बाहेर उडवते आणि ते खाली विष्ठेत दिसतं. खाली दाणा दिसत नसेल तर उंदीर, आणि तेही नसेल तर गोणीचं वजन. आणि थंडीत आकडा वाढला म्हणून घाबरू नका. मे महिन्यात माळव्यात ४० च्या वर पारा गेला की खाणं घटतं, अंडं लहान होतं, कवच पातळ होतं. डिसेंबरात तीच कोंबडी अंग ऊबदार ठेवायला जास्त खाते. मे आणि डिसेंबरच्या एफसीआरची तुलना करून कुणाला बोल लावू नका. मी एका आठवड्यावरून निर्णय घेत नाही, चार आठवड्यांची सरासरी बघतो.

आता `Cost/Egg` च्या ३.५२ कडे येऊ. ३,८०० किलो गुणिले २८ म्हणजे १,०६,४०० रुपये. त्याला ३०,२६४ ने भागा, ३.५२ येतात. म्हणजे शीटवरचा हा सगळा खर्च फक्त खाद्याचा आहे. शीटला मजूर नाहीत, वीज नाही, कोंबडी फुकट आलेली आहे. तुमचे ३८-३९ हजार इथूनच आले.

शिवाय तो २८ चा भाव शीटमध्ये कधी टाकलाय ते विचारा. इंदूरच्या बाजारात सोया डीओसी आणि मक्याचे भाव रोज हलतात. शीटमध्ये मात्र भाव महिनोन्महिने तोच राहतो, कारण तो एका कोपऱ्यातल्या घरात असतो आणि कुणी तिकडे बघत नाही. दर मिक्सिंगचा भाव वेगळा काढा, त्यात दळणं, हमाली आणि गाडीभाडं धरा. हंगामाच्या सुरुवातीचा ओलसर मका घेतला असेल तर सुकल्यावरची तूटही धरा. तुमचा सध्याचा २८ चा भाव मी पावत्यांवरून पडताळला, तो बरोबर आहे.

खर्च भागायचा तो विकता येण्याजोग्या अंड्यांवर. तुमच्या आठवड्यात ९९९ ट्रे गाडीत भरले, म्हणजे २९,९७०. सात ट्रे तडकलेली २१० अंडी कमी भावाने गेली, आणि १०८ गळकी फेकली. तिन्ही मिळून ३०,२८८ होतात, ताळा जुळतो. आता एकेक खर्च घेऊ.

खाद्य ३,७०० किलो, १,०३,६०० रुपये. अंड्यामागे ३.४६.

मजुरी, वीज, औषधं, किरकोळ महिन्याला ५२ हजार. याला ४ ने भागू नका, कारण महिना चार आठवड्यांचा नसतो. १२ ने गुणून ५२ ने भागा, १२ हजार येतात. ४ ने भागले असते तर १३ हजार आले असते. अंड्यामागे ४० पैसे.

शेड आणि पिंजरे ३० लाखांचे. १५ वर्षं टिकतील असं धरलं तर वर्षाला २ लाख, आठवड्याला ३,८४६. बँकेचं व्याज आठवड्याला ४,१५४. मिळून ८ हजार, अंड्यामागे २७ पैसे.

आता पुलेट. हाच खर्च बहुतेक सगळे विसरतात, आणि खाद्यानंतरचा सगळ्यात मोठा खर्च हाच असतो. ५,००० पुलेट ३७० ने म्हणजे साडेअठरा लाख. ७२ आठवड्यांना शेड रिकामं करताना ४,६०० पक्षी उरतील आणि कलच्या, म्हणजे अंडी देऊन झालेल्या, कोंबडीला ९० मिळतील असं धरू, ते ४,१४,००० परत आले. निव्वळ गेले १४,३६,०००. भरलेल्या प्रत्येक पक्ष्यामागे ७२ आठवड्यांपर्यंत विकायला ३०५ अंडी मिळतील असं मी तुमच्या आजवरच्या नोंदीवरून धरतोय, म्हणजे एकूण १५,२५,००० अंडी. भागाकार ९४ पैसे. इथे मरतुकीचा खर्च वेगळा लावू नका. आपण भरलेल्या ५,००० ची किंमत धरली आणि उरलेल्या ४,६०० चीच वसुली धरली, तेव्हा मेलेले पक्षी आधीच हिशोबात आले. काही जण `Mort` चा रकाना बघून ३७० ने गुणून पुन्हा वजाबाकी करतात, ते दुप्पट होतं.

यातून जमेची बाजू वजा करा. तडकलेली अंडी ६३० रुपयांची, खत आणि रिकाम्या गोण्या २,३७० च्या, मिळून ३ हजार. अंड्यामागे १० पैसे.

बेरीज ४.९७. तुम्हाला मिळतात ४.८०. अंड्यामागे १७ पैसे तोटा, आठवड्याला जवळजवळ ५ हजार.

मग हातात पडणारे २७ हजार कुठले? तेही ताडून बघा. २९,९७० अंड्यांचे १,४३,८५६ आले, वर ३ हजार. त्यातून खाद्य, १२ हजारांचा चालू खर्च आणि व्याज गेलं की २७,१०२ उरतात. तुमचा गल्ला आणि माझं गणित इथे जुळतं, म्हणजे कुणी चोरी करत नाही आणि पैसा कुठे गळतही नाही. पण या आठवड्यात पुलेटची झीज २८,२०० च्या आसपास आणि शेडची ३,८४६ झालेली आहे, तिला या २७ हजारांतून भागवायचं आहे. ही रक्कम पुढच्या बॅचच्या पुलेट भरायला लागणार आहे. ती घरखर्चात गेली तर ७२व्या आठवड्याला कलच्या कोंबड्यांचे चार लाख हातात असतील आणि साडेअठरा लाखांच्या पुलेट मागवायच्या असतील. मी तर म्हणेन, पुलेटच्या खात्यात दर आठवड्याला रक्कम वेगळी टाकाच, मग ती अंड्यामागे ९४ पैशांऐवजी ८० पैशांनी का होईना.

एनईसीसीचा दर शेकड्याचा असतो, आणि तुमच्या हातात पडणारा दर व्यापाऱ्याची कपात जाऊन असतो. त्यामुळे ४.९७ शी तुलना पावतीवरच्या दराची करा, जाहीर दराची नको. उन्हाळ्यात दर पडतो आणि हिवाळ्यात चढतो, म्हणून १७ पैशांचा तोटा एका आठवड्याचा असेल तर काळजीचं कारण नाही. वर्षाची सरासरी पाच रुपयांच्या खाली राहिली तर मात्र आहे.

तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढे विचाराल असं एक सांगतो. ४.९७ पेक्षा दर कमी आहे म्हणून ही बॅच आज काढून टाकू नका. पुलेटचे पैसे आणि शेडचे पैसे जाऊन चुकले, आज कोंबड्या विकून ते परत येत नाहीत. बॅच ठेवायची की काढायची हे ठरवताना फक्त रोजचा खर्च बघायचा. एका पक्ष्याचं रोजचं खाद्य ३.०७ रुपये, चालू खर्च ३६ पैसे, खत आणि तडकलेल्या अंड्यांचे ९ पैसे वजा. म्हणजे ३.३४. ४.८० दराने आणि फुटतूट धरून हे भागायला `HD%` साधारण ७० लागतो. तुमचा सध्या ९० आहे, तेव्हा ही बॅच रोज स्वतःचा खर्च काढून वर पैसे देतेय. पुढे वय वाढून टक्का ७० च्या जवळ आला की हा हिशोब त्या दिवसाच्या दराने पुन्हा करा. दर ५.५० झाला तर तीच बॅच ६२ टक्क्यांपर्यंत चालते, आणि ४.२० ला उतरला तर ८० लाच परवडेनाशी होते. मजूर शेड रिकामं असतानाही पगारावर राहणार असतील तर त्यांचा पगार यातून वगळा, मग आणखी थोडा खालचा टक्काही चालेल.

सुपरवायझरला पुढच्या आठवड्यापासून स्क्रीनशॉट नको म्हणा, फाइलच पाठवायला सांगा. चित्रात घरातलं सूत्र दिसत नाही, आणि उजवीकडचे रकाने कापले गेले तरी कळत नाही. फाइलमध्ये सुट्या अंड्यांचा, साठ्याचा, दहा ट्रेंच्या वजनाचा, तडकलेल्या आणि फेकलेल्या अंड्यांचा रकाना वाढवा, आणि `FCR` च्या जागी दोन घरं करा, एकावर `kg/kg` आणि दुसऱ्यावर `kg/dozen` लिहा.